गावठीत मिथेनॉल येतं कुठून, आणि ते डोळ्यांवरच का जातं?

रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काम करतो. आमच्याकडे मिथेनॉल ड्रममधून येतं. काही वर्षांपूर्वी एकदा ड्रम उतरवताना एकाचं झाकण सैल निघालं आणि वास पसरला. उतरवणाऱ्यांमध्ये परभणीकडचे एक पन्नाशीचे कंत्राटी कामगार होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. त्यांनी मला विचारलं, “साहेब, हे बी स्पिरिटच ना? वास तर तसाच येतुया.”

मी म्हटलं, “मामा, हे विष आहे. ह्याने माणूस आंधळा होतो.”

ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पाणी घालून बी?”

मी घाईत “हो, पाणी घालून पण” एवढंच म्हणालो आणि सॅम्पल घेऊन वर गेलो. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. गावठी दारूने माणसं मरतात त्या बहुतेक प्रत्येक घटनेच्या मुळाशी कुणीतरी नेमका हाच हिशेब केलेला असतो: वास तोच, रंग तोच, पाणी घातलं की चालेल. मामांना तेव्हा जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहितो आहे.

आधी एक शब्द स्पष्ट करून घेऊ. आपल्याकडे ‘देशी’ आणि ‘गावठी’ हे शब्द एकाच दमात बोलले जातात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशी दारू म्हणजे परवाना असलेल्या कारखान्यात मळीच्या स्पिरिटपासून बनलेली, सीलबंद बाटलीतली, सरकारी कर भरलेली दारू. गावठी किंवा हातभट्टीची दारू पूर्णपणे बेकायदा असते. ठाणे जिल्ह्यात ती खाडीकाठच्या खारफुटीत, होडीशिवाय पोचता येणार नाही अशा ठिकाणी गाळली जाते. एक्साइजवाले आणि पोलीस होडीने जाऊन भट्ट्या फोडतात, रसायनाचे पिंप ओततात, त्याचे फोटो पेपरात येतात. हा लेख गावठीबद्दल आहे.

आता मुख्य प्रश्न. हातभट्टीत मिथेनॉल तयार होतं का?

भट्टीची पद्धत साधी आहे. काळा गूळ पाण्यात कालवतात, त्यात नवसागर टाकतात आणि पिंपात काही दिवस सडवतात. गुळातली साखर खाऊन यीस्ट इथेनॉल बनवतं, म्हणजे दारूत असतं ते अल्कोहोल. ह्या आंबलेल्या पाण्याला भट्टीवाले ‘रसायन’ म्हणतात. ते उकळून वाफ थंड केली की दारूची धार लागते. साखरेपासून यीस्ट मिथेनॉल बनवत नाही. मिथेनॉल येतं ते फळांच्या सालीत आणि गरात असलेल्या पेक्टिनमधून. पेरू शिजवल्यावर जेली धरते ती ज्याच्यामुळे, तेच पेक्टिन. गुळात ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे निव्वळ गुळाच्या गावठीत मिथेनॉल असलंच तर नगण्य असतं.

रसायनात सडकी फळं टाकली तरी काय होतं ते आकड्यांत पाहू. युरोपात फळांपासून गाळलेल्या दारूला मिथेनॉलची कायदेशीर मर्यादा आहे: शुद्ध अल्कोहोलच्या १ लिटरमागे साधारण १० ग्रॅम. म्हणजे तिथल्या माणसाने अशी चाळीस टक्क्यांची अर्धा लिटर दारू एका बैठकीत संपवली, तरी त्याच्या पोटात जास्तीत जास्त २ ग्रॅम मिथेनॉल जाईल, आणि त्याच्यासोबत दीडशे ग्रॅमच्या वर इथेनॉल. ह्या प्रमाणात मिथेनॉलने आंधळं व्हायला जेवढं प्यावं लागेल, त्याच्या कितीतरी आधी इथेनॉलच माणसाला आडवं करेल. शिवाय इथेनॉल हे मिथेनॉलवर उतारा आहे. ही गोष्ट विचित्र वाटेल, पण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे, म्हणून लक्षात ठेवा.

लोकांमध्ये दोन समजुती पक्क्या आहेत. एक, नवसागरामुळे दारू विषारी होते. दुसरी, पहिल्या धारेत मिथेनॉल असतं, ती धार फेकली नाही की माणसं मरतात. नवसागर हे अमोनियम क्लोराइड. ते पिण्याजोगं नक्कीच नाही, पण त्यापासून मिथेनॉल होत नाही. पहिल्या धारेची गोष्ट वरवर शास्त्रीय वाटते, कारण मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८.४ अंशांना. मग हलकं आधी निघून जाईल, असं वाटणं साहजिक आहे. पण भट्टीच्या डब्यात हे दोन द्रव सुटे नसतात, भरपूर पाण्यात मिसळलेले असतात, आणि मिथेनॉल पाण्याला धरून राहतं. साध्या डब्यात ते पहिल्या धारेपासून शेवटपर्यंत थोडं थोडं येत राहतं. पहिल्या धारेत जो उग्र वास असतो तो बराचसा दुसऱ्याच पदार्थांचा. आणि आपल्याकडे तर ‘पहिल्या धारेची’ म्हणून ती मागून घेतली जाते. ती मुळातच घातक असती तर खाडीकाठच्या वस्त्यांमध्ये दर आठवड्याला प्रेतं उचलावी लागली असती.

भट्टीची बाजू घेण्याचा इथे काहीच हेतू नाही. रोजच्या गावठीने माणसं खंगतात, यकृत जातं, संसार मोडतात. पण एका रात्रीत एकाच वस्तीतले पन्नास-शंभर जण मरतात, तेव्हा ते भट्टीवर चूक झाल्यामुळे नसतं. कुणीतरी कारखान्याचं मिथेनॉल आणून त्यात ओतलेलं असतं, किंवा गावठी म्हणून निव्वळ मिथेनॉल आणि पाणीच विकलेलं असतं.

मुंबईतलं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत, लक्ष्मीनगर भागात, गावठी पिऊन शंभरहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. २०२२ च्या जुलैमध्ये गुजरातेत बोटाद परिसरात चाळीसहून अधिक मृत्यू झाले. तिथे तपासात निघालं की मिथेनॉल एका रासायनिक कारखान्यातून चोरलं गेलं होतं आणि त्यात पाणी मिसळून पिशव्या भरल्या होत्या. तिथे भट्टी पेटवायचीही गरज पडली नाही. जून २०२४ मध्ये तमिळनाडूत कल्लाकुरिचीला साठहून अधिक माणसं मेली, तिथेही मिथेनॉलच.

असं कुणी का करतं? हिशेब लावला की कळतं. गावठी गाळायला गूळ लागतो, लाकूड लागतं, सडवायला दिवस लागतात, खाडीत लपायला लागतं, आणि एका छाप्यात सगळं पाण्यात जातं. मिथेनॉल मात्र तयार मिळतं. रंग, रेझिन, प्लायवूडचा गोंद, औषधं, थिनर अशा असंख्य उद्योगांचा तो कच्चा माल आहे. भारत बहुतेक मिथेनॉल आयात करतो. पिण्याच्या अल्कोहोलवर असतो तसा दारूचा कर त्यावर नसतो, त्यामुळे ते स्वस्त पडतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकरच्या मागे केशरी पाटी दिसते, तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो. १२३० असेल तर आत मिथेनॉल आहे. ११७० असेल तर इथेनॉल. एरवी दोन्ही टँकर सारखेच दिसतात आणि दोन्हींवर ज्वालाग्राही असल्याची तीच खूण असते. महापे, रबाळे, तुर्भे, तळोजा ह्या पट्ट्यात राहणाऱ्याने रोज बघितलेली ही पाटी आहे, वाचलेली बहुधा नाही.

चोरी करणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं की आपण नेमकं काय विकतोय. ह्या साखळीत माल हात बदलत जातो आणि प्रत्येक हातात त्याचं नाव बदलतं: मिथेनॉल, मिथाइल अल्कोहोल, सॉल्व्हंट, स्पिरिट, आणि शेवटच्या गुत्त्यावर फक्त ‘माल’. नावात ‘अल्कोहोल’ आहे, वास तसाच आहे, काडी लावली तर पेटतंही. गुत्तेवाला थोडं चाखून बघतो आणि त्याला काही होत नाही, कारण विष लगेच बोलत नाही. ह्या न बोलण्यातच सगळा घात आहे, म्हणून तो एका माणसाच्या उदाहरणाने सावकाश उलगडून सांगतो.

समजा, दिघ्याजवळ राहणारा, नाक्यावरून बिगारी कामाला जाणारा एक माणूस आहे. वजन ६० किलो. शनिवारी पगार झाला आणि रात्री आठ वाजता त्याने गुत्त्यावर दोन ग्लास मारले, मिळून ३०० मिलिलिटर. त्यात खरी गावठीही होती आणि ती वाढवायला ओतलेलं मिथेनॉलही. धरून चालू की त्याच्या पोटात ६० मिलिलिटर इथेनॉल आणि ३० मिलिलिटर मिथेनॉल गेलं. ३० मिलिलिटर म्हणजे चहाचे सहा चमचे.

त्याचं वजन चोवीस ग्रॅमच्या आसपास भरतं. मिथेनॉल शरीरातल्या सगळ्या पाण्यात पसरतं, आणि ह्या माणसाच्या अंगात साधारण चाळीस लिटर पाणी आहे. म्हणजे दर लिटरला ०.६ ग्रॅम. डॉक्टर रक्ताचा अहवाल दर १०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये वाचतात, त्या भाषेत हे ६० झालं. २० च्या वर गेलं की उतारा सुरू करायचा, असा रुग्णालयातला नेहमीचा नियम आहे. हा माणूस त्याच्या तिप्पट आहे. उलट्या बाजूने मोजलं तर २० ची रेषा ओलांडायला ह्या माणसाला दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे पुरतात. दहा मिलिलिटरने डोळे जाऊ शकतात आणि तीस मिलिलिटरने जीव जाऊ शकतो असं जे पुस्तकांत लिहिलेलं असतं, ते ह्या हिशेबाशी जुळतं. मामांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. पाणी घातल्याने फक्त ग्लास वाढतात, पोटात गेलेले चमचे तेवढेच राहतात.

तरीही शनिवारी रात्री नऊ वाजता ह्या माणसाला काहीही झालेलं नाही. नेहमीसारखी चढली आहे, तो जेवला, झोपला.

कारण मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नाही. त्याची नशा इथेनॉलपेक्षाही सौम्य असते. विष बनतं ते यकृतात. तिथे अल्कोहोल मोडणारं एक एन्झाइम आहे, अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं. ते मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड करतं. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत बेडूक ज्यात बुडवून ठेवलेला असायचा त्या फॉर्मॅलिनमध्ये हेच असतं. दुसरं एन्झाइम ते काही मिनिटांत पुढे ढकलतं आणि त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. हेच आम्ल काही लाल मुंग्यांच्या विषात असतं, त्याचं नावही मुंगीच्या लॅटिन नावावरून पडलं आहे. मुंगी चावली तर त्याचा कण कातडीखाली जातो. इथे ते यकृत तासन्‌तास बनवून रक्तात सोडत राहतं.

पण ते एन्झाइम निवड करतं. इथेनॉल आणि मिथेनॉल दोन्ही समोर आले तर ते आधी इथेनॉलला धरतं, कारण इथेनॉलचं त्याच्याशी कितीतरी पटींनी चांगलं जमतं. यकृत इथेनॉल तासाला सात ते दहा ग्रॅम ह्या वेगाने मोडतं. आपल्या माणसाच्या अंगात जवळपास ४७ ग्रॅम इथेनॉल आहे. म्हणजे रात्री एक-दोन वाजेपर्यंत एन्झाइमला मिथेनॉलकडे बघायला फारशी फुरसत नाही. तोवर गावठीतलं इथेनॉल त्याचं रक्षण करत असतं. ते संपलं की मिथेनॉलची पाळी येते, आणि माणूस झोपेत असताना आम्ल बनायला सुरुवात होते.

रविवारी सकाळी नऊ-दहाला तो उठतो. डोकं ठणकतंय, मळमळतंय, पोटात दुखतंय, अंगात त्राण नाही. बायको म्हणते, “काल जास्त झाली तुमची, पडून राहा.” तोही तेच म्हणतो. दर रविवारचीच गोष्ट. ह्या घडीला जगातला कुठलाही डॉक्टर नुसतं बघून हँगओव्हर आणि मिथेनॉल ह्यांत फरक सांगू शकणार नाही. पण फरक आहे, आणि तो घड्याळात दिसतो: हँगओव्हर दुपारपर्यंत उतरतो, हे दुपारपर्यंत वाढतं. मिथेनॉल पिऊन बारा ते चोवीस तासांनी खरी लक्षणं येतात. सोबत इथेनॉल जास्त असेल तर आणखी उशिरा. ह्याच माणसाने रविवारी सकाळी उतारा म्हणून दुकानातून देशी आणून घेतली असती, तर त्याला बरं वाटलं असतं, आणि सगळं सोमवारवर गेलं असतं. बोटादसारख्या ठिकाणी, जिथे पिशवीत इथेनॉल जवळजवळ नव्हतंच, तिथे मधला हा आडपडदाच नसतो आणि माणसं लवकर कोसळतात. एकाच गुत्त्यावरचे चौघे वेगवेगळ्या दिवशी आजारी पडतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. कुणी नंतर दुसरीकडे जाऊन आणखी प्यायला, कुणी नाही.

बाकीच्या प्राण्यांना हे आम्ल एवढं का बाधत नाही, हा प्रश्न संशोधकांनाही बराच काळ पडला होता. उंदीर मिथेनॉल सहज पचवतो. माणूस आणि माकड मात्र नाही. फॉर्मिक आम्लाचा कार्बन डायऑक्साइड करून ते श्वासातून बाहेर टाकायला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं, तेच जे गरोदर बाईला फोलिक ॲसिडच्या गोळ्यांतून देतात. माणसाच्या यकृतात ही व्यवस्था आधीच तोकडी आहे. त्यात वर्षानुवर्षं दारू पिणारा, पालेभाजी क्वचित खाणारा माणूस असेल तर फोलेट आणखी कमी. आम्ल बनतं भराभर आणि निघतं सावकाश, म्हणून साठत जातं.

साठलेलं आम्ल दोन प्रकारे मारतं. पहिला मार्ग सरळ आहे, रक्त आम्लधर्मी होतं. निरोगी रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. तो सावरायला शरीर जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकतं. म्हणून रविवारी संध्याकाळी आपल्या माणसाचा श्वास खोल आणि घाईचा झालेला असतो, पळून आल्यासारखा, जरी तो अंथरुणातून उठलेला नसतो. घरच्यांना वाटतं दम्याचा त्रास आहे. पीएच ७ च्या खाली गेला की वाचण्याची आशा फार कमी राहते.

दुसरा मार्ग जास्त खोलवर आहे. आपल्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया असतात, प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणाऱ्या चुली म्हणा. त्या चुलीच्या शेवटच्या टप्प्यावर सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं, आणि फॉर्मिक आम्ल नेमकं त्यालाच अडवतं. सायनाइडही इथेच अडवतं, फक्त त्याची पकड फार घट्ट असते. रक्तात प्राणवायू आहे, फुप्फुसं चालू आहेत, पण पेशीला तो वापरताच येत नाही. मग पेशी प्राणवायूशिवाय काम भागवायला जातात, त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि रक्त अजून आम्लधर्मी होतं. रक्त जितकं आम्लधर्मी, तितकं फॉर्मिक आम्ल पेशींच्या आत सहज शिरतं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की स्वतःच वेग घेतं, म्हणून शेवटचे काही तास इतक्या झपाट्याने बिघडतात.

आता डोळे. सगळ्या शरीराची ऊर्जा कमी होते, मग सर्वांत आधी दृष्टीच का जाते? कारण डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या मज्जातंतूत दहा-बारा लाख बारीक धागे असतात, आणि डोळ्याच्या गोळ्यातून बाहेर पडेपर्यंत त्या धाग्यांवर वेष्टण नसतं. वेष्टण असलेल्या तारेतून संदेश कमी खर्चात उड्या मारत जातो. उघड्या तारेतून तो पावलापावलाला ऊर्जा खर्चून ढकलावा लागतो. म्हणून त्या जागी चुली दाटीने असतात. आणि जिथे चुलींवर सगळा भार, तिथेच चुली विझवणारं विष आलं की तो भाग सगळ्यांत आधी अंधारतो. धागे सुजतात, त्यांच्यातला प्रवाह थांबतो, आणि ही अवस्था लांबली तर धागे मरतात. मेलेला मज्जातंतू चष्म्याने, ऑपरेशनने, डोळे बदलून कशानेही परत येत नाही. डोळ्याचा कॅमेरा शाबूत असतो, तारच तुटलेली असते.

रुग्णाच्या तोंडून हे वेगवेगळ्या शब्दांत येतं. धुक्यात बघतोय असं वाटतं. सगळं पांढरं दिसतं. जुन्या टीव्हीवर केबल गेल्यावर मुंग्या यायच्या तसं दिसतं. उजेड सहन होत नाही. आणि मग एका क्षणी ट्यूबलाइट चालू असताना माणूस विचारतो, “लाइट का घालवली?” साध्या दारूने माणूस दोन दोन बघतो, अडखळतो, पण त्याला धुकं दिसत नाही. दारू प्यायलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी “नीट दिसत नाही” म्हटलं, की तेवढ्या एका वाक्यावर त्याला रुग्णालयात न्यायचं. डॉक्टर टॉर्च मारतात तेव्हा अशा माणसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या रुंदच राहतात, आकसत नाहीत. हे लक्षण दिसलं तर धोका फार पुढे गेलेला असतो.

मेंदूच्या आत खोलवर हालचाली सुरळीत ठेवणारा एक भाग आहे, पुटामेन. तोही असाच ऊर्जेचा भुकेला. जे वाचतात त्यांच्यापैकी काहींना नंतर हात थरथरणं, चाल जड होणं असा कंपवातासारखा त्रास राहतो. बाकीच्यांचं काय होतं ते थोडक्यात सांगायचं तर झटके, बेशुद्धी, आणि शेवटी श्वास आणि रक्तदाब दोन्ही ढासळणं.

रुग्णालयात काय करतात, हे आता समजायला सोपं जाईल. यकृतातल्या पहिल्या एन्झाइमला मिथेनॉलपासून दूर ठेवायचं. त्यासाठी फोमेपिझोल नावाचं औषध आहे, ते उत्तम पण महाग आणि सगळीकडे हाताशी नसतं. ते नसेल तर शुद्ध इथेनॉल मोजून देतात, शिरेतून किंवा नळीने पोटात, आणि रक्तातली त्याची पातळी ठरावीक मर्यादेत धरून ठेवतात. एन्झाइम गुंतून राहतं, नवीन आम्ल बनत नाही. पण मग मिथेनॉल शरीरात तसंच पडून राहतं. ह्या अवस्थेत ते निम्मं व्हायलाच दोन दिवसांच्या आसपास लागतात. म्हणून डायलिसिस करतात, त्याने मिथेनॉल आणि आम्ल दोन्ही काही तासांत धुऊन निघतं. सोबत सोडियम बायकार्बोनेट देऊन रक्ताचा पीएच सावरतात, म्हणजे आम्ल डोळ्यांच्या आणि मेंदूच्या पेशींत कमी शिरेल, आणि फोलिनिक ॲसिड देतात, म्हणजे निचरा थोडा वेगाने होईल.

इथेनॉल उतारा आहे हे वाचून कुणी घरीच दारू पाजायला जाऊ नये, म्हणून हे ठासून सांगतो. गावठी पाजली तर त्याच कॅनमधलं मिथेनॉल पुन्हा पोटात जाईल. देशी पाजली तर लक्षणं दबतील, घरचे निर्धास्त होतील आणि हातचे तास निघून जातील. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला काहीही पाजलं तर ते श्वासनळीत जाऊन तो गुदमरेल. रक्ताची पातळी मोजत राहिल्याशिवाय हा उतारा चालत नाही.

पिण्याआधी ओळखता येतं का, असं मला बरेच जण विचारतात, कारण मी लॅबमध्ये आहे. नाही. चवीने नाही, वासाने नाही. काडी लावून ज्वालेचा रंग बघायचा उपाय मिश्रणाला लागू पडत नाही, कारण त्यात इथेनॉलही जळत असतं. बोटावर घेऊन चोळणं, उकळून बघणं, ह्यातलं काहीच खरं नाही. आमच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ आहे. त्यात सॅम्पलचा थेंब सोडला की कागदावर आधी मिथेनॉलचं शिखर उमटतं आणि काही क्षणांनी इथेनॉलचं. दोघांना खात्रीने वेगळं करायला असलं यंत्र लागतं, आणि ते गुत्त्यावर नसतं.

आपल्या दिघ्याच्या माणसाला रविवारी दुपारी, डोळ्यांसमोर धुकं आलं तेव्हाच १०८ ला फोन करून मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं, जिथे डायलिसिसची सोय आहे, आणि दारात पाऊल टाकल्याबरोबर “काल रात्री आठला गावठी प्यायलेत, आज दिसत नाहीये” एवढं सांगितलं, तर त्याचे डोळे काही अंशी वाचण्याची आशा असते. हे वाक्य लाजेने गिळलं गेलं की डॉक्टर पोटाचं दुखणं म्हणून शोधत बसतात. पोलीस केस होईल ह्या भीतीने घरचे कितीदा “काही नाही, जुलाब झालेत” सांगतात, हे कुठल्याही कॅज्युअल्टीत काम केलेल्या माणसाला विचारा. उरलेली दारू, पिशवी किंवा बाटली सोबत नेली तर तीही उपयोगी पडते.

आणि त्याच दारात त्याच्या बायकोला आणखी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे, तिला स्वतःला तो सुचला नाही तरी: काल सोबत कोण कोण होतं? कारण त्याच कॅनमधून प्यायलेले दोघे-तिघे ह्या क्षणी घरी झोपलेले असतील, किंवा बरं वाटतंय म्हणून परत नाक्यावर गेले असतील. त्यांच्या अंगातलं बरंचसं मिथेनॉल अजून मिथेनॉलच असू शकतं, आम्ल झालेलं नसेल. रुग्णालयात पूर्ण बरं होऊन, डोळ्यांसकट घरी परतण्याची सर्वांत जास्त शक्यता त्यांचीच आहे, ज्यांना अजून काहीच होत नाहीये.